स्लाइडवरचं एक अंडं म्हणजे किती? काटो-कॅट्झ मोजणी आणि २४ चा हिशोब

प्रश्न: आश्रमशाळेतल्या मुलांच्या जंत-सर्वेक्षणात आम्ही काटो-कॅट्झ पद्धतीने अंडी मोजतो. एका नमुन्याच्या दोन स्लाइड करतो. एका मुलाच्या पहिल्या स्लाइडवर हूकवर्मची १४ अंडी मिळाली, दुसरीवर फक्त ३. त्याच स्लाइडवर अस्कॅरिसची २१२ आणि २४६, व्हिपवर्मची ९ आणि ६. प्रतिग्रॅम आकडा कसा काढायचा? कोणी २० ने गुणा म्हणतं, कोणी २४ ने. आणि हूकवर्ममध्येच एवढा फरक का पडला?

उत्तर:

आधी गुणकाचा घोळ मिटवू. गुणक टेम्प्लेटवरून ठरतो. टेम्प्लेटच्या भोकात किती मिलिग्रॅम मल मावतो ते बघायचं आणि १००० ला त्या वजनाने भागायचं. सध्या सर्वेक्षणांत जास्त दिसणारी टेम्प्लेट १.५ मि.मी. जाड असते, भोक ६ मि.मी. व्यासाचं, मल मावतो ४१.७ मि.ग्रॅ., म्हणून गुणक २४. दुसरी १ मि.मी. जाड, भोक ९ मि.मी., मल ५० मि.ग्रॅ., गुणक २०. तिसरी अर्धा मि.मी. जाड, भोक ६.५ मि.मी., मल २० मि.ग्रॅ., गुणक ५०. म्हणजे २० सांगणारा आणि २४ सांगणारा, दोघंही आपापल्या टेम्प्लेटपुरते बरोबर असू शकतात. तुमच्या हातात कोणती आहे ते व्हर्नियर कॅलिपर लावून बघा: भोकाचा व्यास आणि पट्टीची जाडी, दोन्ही मोजा. सगळ्यात घातक चूक तिसऱ्या टेम्प्लेटची. तिच्यावर किंवा पाकिटावर ‘२०’ वाचून २० ने गुणलं, तर मुलाच्या पोटातला भार अडीच पट कमी नोंदला जातो.

गुणकाने काय बिघडतं ते तुमच्याच आकड्यांत दिसतं. अस्कॅरिसची सरासरी २२९ अंडी. २४ ने गुणलं तर ५,४९६. २० ने गुणलं तर ४,५८०. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत अस्कॅरिसचा मध्यम संसर्ग ५,००० पासून सुरू होतो. तेच मूल, तीच स्लाइड, पण एका गुणकाने ते मध्यम गटात जातं आणि दुसऱ्याने सौम्य गटात.

टेम्प्लेट वजन मोजत नाही, घनफळ मोजते, हे मात्र लक्षात असू द्या. ४१.७ हा आकडा साधारण घट्ट, नीट चाळलेल्या मलासाठी धरलेला आहे. नवी टेम्प्लेट आली, विशेषतः स्थानिक बनावटीची, तर एक छोटी तपासणी जरूर करावी. एक मि.ग्रॅ.पर्यंत अचूक तराजूवर कोरी स्लाइड ठेवून शून्य करा, टेम्प्लेट भरून उचला आणि उरलेल्या गोळीचं वजन घ्या. असं दहा वेळा. सरासरी ४२ च्या आसपास आली तर २४ बिनधास्त वापरा. बरीच वेगळी आली तर स्वतःचा नवा गुणक काढत बसण्यापेक्षा ती टेम्प्लेट बाजूला ठेवलेली बरी. सर्वेक्षणात दोन गुणक फिरू लागले की कधीतरी एका मुलाच्या ओळीत दुसऱ्याचा गुणक पडतोच.

गोळी पूर्ण नसेल तर गुणक निरुपयोगी

जपानच्या काटो आणि मिउरा यांनी १९५४ मध्ये सेलोफेनखाली जाड स्मिअर करण्याची पद्धत मांडली. १९७२ मध्ये ब्राझीलमध्ये कॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यात भोकाची टेम्प्लेट आणली. मोजणीला प्रतिग्रॅम अर्थ आला तो या भोकामुळे. म्हणून सगळी काळजी भोक भरण्यात घ्यायची.

वर्तमानपत्राच्या किंवा मेणकागदाच्या तुकड्यावर थोडा मल घ्या आणि वरून जाळी दाबा. जाळी नायलॉनची किंवा स्टीलची, साधारण ६० ते १०५ मेशची. जाळीच्या वर जो मल झिरपून येतो, तोच सपाट कडेच्या स्पॅच्युलाने खरवडून घ्यायचा. जाळीखाली राहिलेला चोथा, बियांची सालं, भाजीचे दोरे भोकात जाता कामा नयेत. ते जागा अडवतात आणि नंतर स्मिअर पसरू देत नाहीत.

टेम्प्लेट स्लाइडच्या मध्यावर ठेवून भोक थोडं थोडं, दाबून भरा. घाईत वरून थापलं तर तळाशी हवेचा बुडबुडा राहतो. वरून भोक भरलेलं दिसतं, आत मात्र मल कमी असतो. भरल्यावर स्पॅच्युलाची कड सपाट फिरवून जास्तीचा मल काढा आणि टेम्प्लेट सरळ वर उचला. स्लाइडवर कडा स्पष्ट असलेली गोल गोळी उरली पाहिजे. टेम्प्लेटच्या भोकाला आतून मल चिकटून आला, तर तो स्पॅच्युलाने काढून त्याच स्लाइडवर गोळीला लावा. तसाच सोडून दिलात तर तुमचे ४१.७ मि.ग्रॅ. तिथेच कमी झाले.

वर ठेवायची सेलोफेनची पट्टी २५ × ३० मि.मी.च्या आसपास, ४० ते ५० मायक्रॉन जाड आणि पाणी शोषणारी असावी. मिठाईच्या डब्यावरचा चकचकीत प्लास्टिक कागद चालत नाही, त्यातून ग्लिसरीन आत जात नाही. भिजवायचं द्रावण १०० मि.लि. ग्लिसरीन, १०० मि.लि. डिस्टिल्ड पाणी आणि ३ टक्के मॅलाकाइट ग्रीनचं १ मि.लि. मॅलाकाइट ग्रीन नसेल तर ३ टक्के मिथिलीन ब्लू चालतं, रंग डोळ्याला सोयीचा व्हावा इतकाच त्याचा उपयोग. पट्ट्या किमान २४ तास भिजल्या पाहिजेत. मल कोरडा असेल तर पट्टी चांगली ओली घ्या, मऊ असेल तर निथळून घ्या. वरच्या बाजूला ग्लिसरीन साचलं तर टिश्यूने टिपा.

आता स्लाइड उलटी करून सेलोफेनची बाजू दुसऱ्या स्लाइडवर किंवा गुळगुळीत फरशीवर ठेवा आणि एकसारखा दाब द्या. मल सेलोफेनच्या कडेपर्यंत समान पसरला पाहिजे, पण कडेबाहेर जाता कामा नये. बाहेर गेलेली अंडी मोजली जात नाहीत, गुणक मात्र त्यांनाही गृहीत धरून बसलेला असतो. नंतर स्लाइड उचलायची नाही, आडवी सरकवून वेगळी करायची. सरळ उचलली तर सेलोफेन सुटतं आणि अर्धा स्मिअर खालीच राहतो. स्मिअर जमला की नाही याची खूण सोपी आहे: स्लाइड छापील कागदावर ठेवली तर अक्षरं वाचता आली पाहिजेत. वाचता येत नसतील तर स्मिअर जाड आहे, आणि जाड भागातली अंडी ग्लिसरीनने स्वच्छ केली तरी एकाखाली एक लपतात.

पातळ, पाण्यासारखा मल या पद्धतीला चालत नाही. तो भोकात थांबत नाही, टेम्प्लेट उचलली की पसरतो. अशा मुलाकडून दुसऱ्या दिवशी नमुना घ्या. मऊ मलाचा आकडा कुठल्या तरी जुन्या दुरुस्ती-गुणकाने वाढवायच्या भानगडीत पडू नका. नोंदवहीत ‘मऊ’ एवढं लिहा, म्हणजे वाचणाऱ्याला कळतं की पाण्यामुळे अंडी विरळ झालेली असू शकतात.

१४ आणि ३ मधला फरक बहुधा घड्याळाचा

आता तुमच्या मूळ कोड्याकडे येऊ. अस्कॅरिस आणि व्हिपवर्मच्या दोन स्लाइड एकमेकींच्या जवळ आहेत, म्हणजे गोळी भरण्यात मोठी चूक झालेली नाही. भोक अर्धवट भरलं असतं तर तिन्ही प्रकारची अंडी सारख्या प्रमाणात घटली असती. इथे फक्त हूकवर्म घटला आहे. तिथे पहिला संशय वेळेवर जातो.

सेलोफेनमधलं ग्लिसरीन मलात शिरतं आणि पाणी उडून जातं, म्हणून मल पारदर्शक होऊन अंडी दिसू लागतात. अस्कॅरिस आणि व्हिपवर्मच्या अंड्यांचं कवच जाड असतं, ती महिनोन्‌महिने ओळखू येतात. उलट, मागचा मल साफ व्हायला तासभर दिला तर ती जास्तच चांगली दिसतात. हूकवर्मच्या अंड्याचं कवच अगदी पातळ. ग्लिसरीन त्यालाही सोडत नाही. स्लाइड केल्यापासून ३० ते ६० मिनिटांत ती अंडी इतकी पारदर्शक होतात किंवा आकसतात, की मायक्रोस्कोपखाली तिथे काही होतं हेच कळत नाही. महाराष्ट्राच्या उन्हाळ्यात, पत्र्याच्या खोलीत ठेवलेल्या स्लाइडवर हे आणखी लवकर होतं. अस्कॅरिससाठी घाई असेल तर स्लाइड काही मिनिटं उन्हात किंवा ४० अंशांच्या इनक्यूबेटरमध्ये ठेवतात. हूकवर्म मोजायचा असेल तेव्हा मात्र असं कधीही करू नये.

तुमच्या दोन स्लाइडच्या वाचनाच्या वेळा नोंदल्या असतील तर बघा. दुसरी स्लाइड तासाभराने वाचली गेली असेल, तर ३ हा आकडा ३ अंड्यांचा नाही. त्या वेळेपर्यंत जेवढी दिसत राहिली तेवढ्यांचा आहे. अशा आकड्याची १४ शी सरासरी काढली तर ८.५ येते, गुणून २०४. चांगल्या वाचनातली माहिती त्यात वाया जाते. उशिरा वाचलेल्या स्लाइडचा हूकवर्मचा रकाना रिकामा ठेवायचा आणि पहिल्या स्लाइडवरूनच हिशोब करायचा: १४ × २४ = ३३६. त्याच दुसऱ्या स्लाइडचे अस्कॅरिस आणि व्हिपवर्मचे आकडे मात्र पूर्ण ग्राह्य, ते टाकायचं कारण नाही. दोन्ही स्लाइड वेळेत वाचल्या असतील, तर मात्र १४ आणि ३ ची सरासरीच खरी. मग हा फरक मलात अंडी सारखी मिसळलेली नसल्याचा, आणि असं घडतं.

यासाठी स्लाइडच्या कडेला पेन्सिलने किंवा मार्करने स्मिअर केल्याची वेळ लिहायची सवय लावा. एक मायक्रोस्कोप वाचणारा असेल तर एका खेपेला दहा-बारा स्लाइडपेक्षा जास्त करू नका. तीस नमुन्यांचे साठ स्मिअर सकाळी एकदम करून ठेवायचे आणि चहानंतर वाचायला बसायचं, या पद्धतीत हूकवर्म नावापुरताच उरतो. सोपा क्रम असा: सर्व ताज्या स्लाइड आधी फक्त हूकवर्मसाठी वाचायच्या, नंतर तासाभराने त्याच स्लाइड अस्कॅरिस आणि व्हिपवर्मसाठी.

वेळेचा आणखी एक भाग स्लाइडच्याही आधीचा. नमुना सकाळी शाळेत गोळा होतो आणि दुपारी प्रयोगशाळेत पोहोचतो. या मधल्या वेळात उष्णतेत हूकवर्मची अंडी वाढत राहतात, एक-दोन दिवस तसाच राहिला तर फुटून अळ्याही बाहेर येतात. डबे सावलीत, शक्यतो बर्फाच्या पेटीत ठेवा आणि त्याच दिवशी स्मिअर करा. फॉर्मेलिनमध्ये ठेवलेला मल या पद्धतीसाठी वापरू नका.

मोजताना

१० च्या ऑब्जेक्टिव्हने वरून खाली, मग शेजारच्या पट्ट्यात खालून वर, असा पूर्ण स्मिअर फिरायचा. शंका आली तर ४० वर खात्री करायची, पण ४० वर मोजणी करायची नाही. प्रत्येक प्रकारासाठी वेगळा टॅली काउंटर ठेवा. हूकवर्मचं अंडं अंडाकृती, पातळ कडेचं, आत काही पेशी आणि कवचाशी स्वच्छ मोकळी जागा. हवेचे बुडबुडे त्याच्यासारखे वाटतात, पण त्यांची कड जाड काळी असते आणि आत काहीच नसतं. व्हिपवर्म पिंपासारखा, दोन टोकांना पारदर्शक बूच. तो चुकत नाही.

चुकतं ते अस्कॅरिसचं फलित न झालेलं अंडं. ते लांबट, वेडंवाकडं, आत दाणेदार भरलेलं असतं. गोल, खडबडीत कवचाच्या अंड्याची सवय झालेला वाचक त्याला मलातला कण समजून सोडून देतो. तेही मोजायचं. वरचं खडबडीत आवरण निघून गेलेली गुळगुळीत अंडीही मोजायची. अंडी फार असली की चतुर्थांश स्मिअर मोजून चारने गुणायचा मोह होतो. स्मिअरच्या मध्यभागी आणि कडेला अंड्यांची दाटी सारखी नसते, म्हणून मी पूर्ण मोजणीच सांगेन. दोन हजार अंडी मोजायला वेळ लागतो, पण तीव्र संसर्गाचं मूल तेच असतं.

दोन नमुन्यांच्या मध्ये जाळी, टेम्प्लेट आणि स्पॅच्युला साबणाच्या पाण्यात ब्रशने घासून धुवा. भोकाच्या आतली कड विशेष घासा. नाहीतर जास्त अंड्यांच्या मुलाची दोन-तीन अंडी पुढच्या निर्दोष मुलाच्या स्लाइडवर जातात, आणि प्रत्येक अंडं २४ चं होऊन नोंदलं जातं. सलग नमुन्यांत जबर संसर्गानंतर लगेच १-२ अंड्यांचे निकाल वारंवार येत असतील, तर हाच संशय घ्या.

या मुलाचा हिशोब

आधी सरासरी, मग गुणाकार. दुसरी स्लाइड उशिरा वाचली होती असं धरून: अस्कॅरिस (२१२ + २४६) ÷ २ × २४ = ५,४९६, मध्यम. व्हिपवर्म (९ + ६) ÷ २ × २४ = १८०, सौम्य. हूकवर्म १४ × २४ = ३३६, सौम्य. एक्सेलमध्ये पहिली स्लाइड C आणि दुसरी D रकान्यात असेल तर:

```
=AVERAGE(C2:D2)*24
```

हे सूत्र रिकामा रकाना सोडून देतं, पण शून्य असेल तर ते सरासरीत धरतं. म्हणून उशिरा वाचलेल्या किंवा फाटलेल्या स्लाइडसाठी शून्य टाकायचं नाही, रकाना रिकामा ठेवायचा. आणि नीट वाचून काहीच न दिसलेल्या स्लाइडसाठी रकाना रिकामा ठेवायचा नाही, शून्य टाकायचं. डेटा भरणाऱ्याला हा एक नियम लिहून दिला नाही, तर पूर्ण जिल्ह्याचे आकडे सरकतात.

वर्गवारीच्या सीमा अशा: अस्कॅरिस मध्यम ५,००० पासून, तीव्र ५०,००० पासून. व्हिपवर्म मध्यम १,००० पासून, तीव्र १०,००० पासून. हूकवर्म मध्यम २,००० पासून, तीव्र ४,००० पासून. मायक्रोस्कोपवर बसताना हे आकडे प्रत्यक्ष अंड्यांत माहीत असले की बरं. २४ च्या टेम्प्लेटवर एका स्लाइडमागे सरासरी २०९ अंड्यांना अस्कॅरिस मध्यम होतो, ४२ ला व्हिपवर्म आणि ८४ ला हूकवर्म. मोजणी या सीमेच्या जवळ आली की दुसऱ्या वाचकाकडून ती स्लाइड पुन्हा मोजून घ्या. तुमच्या मुलाची पहिली स्लाइड (२१२) अगदी सीमेवरच होती.

शून्य म्हणजे काय

एका स्लाइडवर एक अंडं म्हणजे २४. त्यामुळे एका स्लाइडवर २४ पेक्षा लहान आकडा येऊच शकत नाही, दोन स्लाइडच्या सरासरीत १२ पेक्षा लहान नाही. समजा, मलात खरोखर ग्रॅममागे २४ अंडी आहेत आणि ती अगदी सारखी मिसळलेली आहेत. तरी एका स्लाइडवर एकही न सापडण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के आहे, दोन्ही स्लाइड शून्य येण्याची सुमारे १४ टक्के. प्रत्यक्षात अंडी पुंजक्यांत असतात, म्हणून शून्याची शक्यता याहून जास्तच धरावी. हलक्या संसर्गाची मुलं शोधायची असतील, तर एकाच नमुन्याच्या तीन-चार स्लाइड करण्यापेक्षा दुसऱ्या दिवशीच्या मलाची एक-दोन स्लाइड जास्त उपयोगी पडते. अंड्यांचं प्रमाण दिवसागणिक बदलतं, आणि तो बदल एका डब्यातून कितीही स्लाइड केल्या तरी दिसत नाही. जंतनाशक मोहिमेनंतर, म्हणजे बहुतेक संसर्ग हलके झाल्यावर, या फरकाला फार महत्त्व येतं.

शाळेचा एकत्रित आकडा काढताना शून्यासह सर्व मुलांचा साधा अंकगणिती मध्य घ्या, आणि शेजारी किती टक्के मुलं पॉझिटिव्ह आणि किती मध्यम-तीव्र ते स्वतंत्र लिहा. ५०,००० चं एक मूल मध्य कुठल्या कुठे नेतं. ते आकड्यातून लपवू नका, पण वाचणाऱ्याला ते दिसलंही पाहिजे.

या स्लाइडवर स्ट्राँगिलॉइडिसच्या अळ्या किंवा अमीबा-जिआर्डियाच्या सिस्ट शोधू नका, त्या या पद्धतीत भरवशाने मिळत नाहीत. पिनवर्मसाठीही ही पद्धत नाही. आणि शिस्टोसोमाचा विषय निघालाच तर: कॅट्झ यांची टेम्प्लेट मुळात मॅन्सोनाय जातीच्या अंड्यांसाठी होती. आपल्याकडे रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवीत जो शिस्टोसोमा नोंदला गेला तो मूत्रमार्गाचा, हेमॅटोबियम जातीचा. त्यासाठी लघवी गाळून तपासावी लागते, मलाची स्लाइड नाही.